गुडघ्याची सूज काय सांगते?

अहिल्यानगर जिल्ह्यातील कबड्डीपटूचा पाय मातीत रुतून अंग वळले, की गुडघ्यावर पीळ पडतो. मांडीच्या हाडापासून नडगीच्या माथ्यावरील पुढच्या भागापर्यंत तिरका गेलेला अस्थिबंध तुटल्यास बहुधा ‘कट्’ असा आवाज येतो आणि रक्तस्रावाने काही तासांतच गुडघा सुजतो. आतील अर्धचंद्राकृती कूर्चा मात्र आतल्या बाजूच्या अस्थिबंधाशी जखडलेली असते. तिला फारसे सरकता येत नाही, म्हणून ती दोन हाडांत सापडून फाटते. तिची सूज बहुधा दुसऱ्या दिवशी दिसते. तुकडा अडकल्यास पाय सरळ होत नाही. दोन्ही इजा एकदमही होतात. म्हणून गुडघा ओढू वा चोळू नये; आधार बांधून खेळाडूस अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्यावे आणि सूज केव्हा आली, हे आवर्जून सांगावे.