बंद पडलेला स्पीकर : आपली तपासणी कोठे संपते?

(केंद्रातील प्राथमिक शिक्षकांच्या सहविचार सभेत दिलेले भाषण)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो लहान आहे, परंतु त्यात एका जागी प्राणाशी गाठ आहे. आपल्या बहुतेक शाळांत परिपाठासाठी आता असा स्पीकर असतो की ज्याच्या पेटीतच ॲम्प्लिफायर बसविलेला असतो. दुकानदार त्यास ‘ॲक्टिव्ह स्पीकर’ म्हणतात. त्यास वीज द्यावयाची, मायक्रोफोन अथवा मोबाईल जोडावयाचा, की काम झाले. असा स्पीकर एके दिवशी अगदी मुका होतो. तेव्हा आपण काय पाहावे आणि कोठे थांबावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

गेल्या वर्षी एका शाळेत प्रजासत्ताकदिनाच्या आदल्या सायंकाळी असे घडले. मुलांची भाषणे व समूहगीते बसविलेली होती, आणि स्पीकर सुरूच होईना. गुरुजींनी मला बोलावून घेतले. मी पोहोचलो तेव्हा त्यांच्या हातात पेचकस होता, पेटीच्या मागील आठ स्क्रूंपैकी तीन निघालेले होते, आणि सातवीतील दोन मुले बॅटरीचा उजेड धरून उभी होती. गुरुजी म्हणाले, “वायर काढून अर्धा तास झाला आहे, आता आत वीज कोठली?” या प्रश्नाचे उत्तर मी शेवटी देतो. प्रथम आम्ही क्रमाने काय तपासले ते ऐकावे.

‘अगदी मुका’ म्हणजे काय, हे आधी ठरविले पाहिजे. आवाजाचे बटण शून्यावर असताना स्पीकर सुरू केला असता दिवा लागत नाही, सुरू होताना येणारा हलका ‘ठप्’ असा आवाज येत नाही, आणि पुढील जाळीला कान लावला तरी बारीक खरखरही ऐकू येत नाही. ही तिन्ही लक्षणे असतील तरच आत वीज पोहोचत नाही असा संशय घ्यावा. दिवा लागत असेल किंवा खरखर येत असेल, तर वीज पोहोचली आहे. दोष मायक्रोफोनच्या वायरीत अथवा जोडणीत शोधावा. आमच्या स्पीकरची तिन्ही लक्षणे जुळत होती.

मग भिंतीवरील सॉकेट. त्याची परीक्षा मोबाईलच्या चार्जरने करू नये. तो शंभर व्होल्टांपासून दोनशे चाळीस व्होल्टांपर्यंत कोठेही चालतो, त्यामुळे दाब फारच उतरला असला तरी तो ‘ठीक आहे’ अशीच साक्ष देतो. त्याऐवजी साधा तारेचा बल्ब असलेला टेबलदिवा लावून पाहावा; दाब कमी असेल तर तो पिवळा व मंद जळतो. आमच्याकडे दिवा लख्ख लागला. सॉकेट निर्दोष होते.

त्यानंतर स्पीकरची वायर. ती बहुधा दोन्ही टोकांस सुटी होणारी असते, आणि वारंवार गुंडाळल्यामुळे प्लगाजवळ आतून तुटते. ती बाहेरून तपासत बसण्यापेक्षा शाळेच्या संगणकाची तशाच तोंडाची वायर लावून पाहणे सोपे. आम्ही ती लावली, तरी स्पीकर मुकाच राहिला. म्हणजे वायरही चांगली होती.

आता फ्यूज. पुष्कळ स्पीकरांत, जेथे वायर खोचली जाते त्याच खाचेखाली एक लहानसा कप्पा असतो. वायर काढल्यावाचून तो कप्पा उघडत नाही. ही सोय मुद्दामच केलेली आहे. काही पेट्यांत त्याऐवजी फिरवून काढावयाचे टोपण असते. तेथे अशी अडवणूक नसते, म्हणून वायर भिंतीतून व पेटीतूनही काढून घेण्याची शिस्त आपणच पाळावी. आत काचेची नळी असते, सुमारे दोन सेंटिमीटर लांब. कित्येक कप्प्यांत दोन नळ्या असतात : एक चालू व दुसरी राखीव. पाहणारे चुकून राखीव नळी पाहतात आणि फ्यूज चांगला असल्याचे सांगतात. धातूच्या दोन पकडींत बसलेली नळी ती खरी.

ती नळी उजेडासमोर धरावी, कारण फ्यूज हा एक प्रकारचा साक्षीदार आहे. आतील तार मध्येच स्वच्छ तुटलेली असून काच निर्मळ असेल, तर कदाचित तो जुना होऊन अथवा सुरू करतानाच्या धक्क्याने गेला असेल. काचेवर आतून काळा किंवा चंदेरी थर चढला असेल, तर तार वितळली नसून एका क्षणात वाफ होऊन उडाली आहे. याचा अर्थ आत कोठे तरी थेट जोड झाला आहे. पहिल्या प्रकारात नवा फ्यूज एकदा घालून पाहण्यास हरकत नाही. दुसऱ्या प्रकारात, किंवा नवा फ्यूजही लगेच गेल्यास, तिसरा घालू नये. नव्या फ्यूजच्या टोपीवरील आकडे जुन्याप्रमाणेच असावेत. आकड्यापूर्वी इंग्रजी ‘टी’ हे अक्षर असल्यास तो सावकाश वितळणारा असतो. त्याच्या जागी ‘एफ’ अक्षराचा, म्हणजे शीघ्र वितळणारा, घातल्यास निर्दोष स्पीकर सुरू करतानाही तो जाऊ शकतो. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा चॉकलेटचा चांदीचा कागद कदापि घालू नये. दोन अँपिअरला तुटणारी तार काढून वीस अँपिअर वाहून नेणारी तार घालणे, याचा अर्थ पुढच्या वेळी फ्यूजऐवजी पेटीच जळावी अशी तजवीज करणे होय.

आमच्या फ्यूजची काच स्वच्छ होती आणि तारही अखंड दिसत होती. पण केवळ डोळ्यांवर विसंबू नये. टोपीच्या आत तुटलेली तार दिसत नाही. फ्यूज बाहेर काढून मल्टिमीटरच्या ‘बीप’ खुणेवर दोन्ही टोके लावली. बीप वाजली. फ्यूज शाबूत होता.

येथे थोडे थांबून दुसऱ्या जातीच्या स्पीकरविषयी सांगतो. काही लहान स्पीकरांना भिंतीची वीज थेट मिळत नाही. मध्ये काळी डबी, म्हणजे अॅडाप्टर असतो. अशा ठिकाणी पहिला संशय त्या डबीचाच घ्यावा. तिच्यावरील लेख वाचावा. ‘आउटपुट’ या शब्दापुढे व्होल्ट व अँपिअर दिलेले असतात, आणि टोकाचा कोणता भाग धन व कोणता ऋण हे दाखविणारे लहान चित्र असते. समजा, तेथे १२ व्होल्ट डीसी लिहिले आहे. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टांवर ठेवून लाल सळई टोकाच्या आतील छिद्रात व काळी बाहेरील कड्याला लावावी. आकडा १२ च्या आसपास आला तर ठीक. शून्य आल्यास अॅडाप्टर गेला. आकड्यापूर्वी वजाचे चिन्ह आल्यास आत ऋण व बाहेर धन अशी उलट रचना आहे. ती चित्राशी जुळते का ते पाहावे. जुन्या, जड अॅडाप्टरांवर भार नसताना आकडा बराच अधिक येतो, त्यास दोष समजू नये. उलट, अॅडाप्टरवरील हिरवा दिवा लागला म्हणजे तो निर्दोष आहे, असेही समजू नये. नुसता असताना १२ दाखविणारा अॅडाप्टर स्पीकर जोडताच कोसळतो, असे पुष्कळदा होते. बदली अॅडाप्टर घेताना व्होल्ट तेच, धन-ऋण तेच आणि अँपिअर तितके किंवा अधिक, हे तीन नियम पाळावेत. गेलेली डबी मात्र फोडू नये; भिंतीची सारी वीज तिच्यातच उतरलेली असते.

आता पुन्हा त्या सायंकाळकडे वळू. सॉकेट चांगले, वायर चांगली, फ्यूज शाबूत, आणि स्पीकर मुका. गुरुजींना वाटले, फ्यूज चांगला आहे त्या अर्थी दोष किरकोळ असावा. पेटी उघडून एखादी सुटलेली वायर दिसते का ते पाहू. वस्तुतः हीच अवस्था सर्वांत धोक्याची आहे. तिचे कारण असे.

भिंतीची २३० व्होल्टांची वीज आत जाताच तिचे एकदिश विजेत रूपांतर होते आणि ती एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. तेथे दाब सुमारे ३२५ व्होल्ट होतो. कारण २३० ही सरासरीच्या धर्तीची संख्या असून तिचा शिखरबिंदू त्याच्या १.४१ पट असतो. स्पीकर चालू स्थितीत असेल, तर वायर काढल्यावर आतील यंत्रणा हा साठा काही क्षणांत खाऊन टाकते. दिवा हळूहळू विझतो तो म्हणूनच. पण यंत्रणाच मेलेली असेल, तर साठा खाणारे कोणी उरत नाही. यंत्रणेला पहिली चालना देणारा एक लहान रोधक असतो. तो तुटणे हा अशा मुकेपणाचा नेहमीचा दोष आहे. तो तुटला की स्पीकर सुरू होत नाही, फ्यूज जात नाही, आणि कपॅसिटर रिकामा होण्याची एक वाटही बंद होते. फ्यूज उडालेला नसल्यामुळे कपॅसिटर मात्र प्रत्येक वेळी पूर्ण भरतो. चालत्या स्पीकरपेक्षा मुका स्पीकर अधिक धोक्याचा, तो असा.

मी स्क्रू पुन्हा बसवून घेतले. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम स्पीकरविना झाला. मुलांनी मोठ्याने भाषणे केली आणि शेवटच्या रांगेस थोडे कमी ऐकू आले. नंतर स्पीकर तालुक्याच्या गावी दुरुस्तीस नेला. कारागिराने पेटी उघडण्यापूर्वी माझ्यासमोर एकदा वीज जोडून पाहिली, वायर काढली, आणि बोलत बोलत चहा मागविला. अर्ध्या तासाने त्याने कपॅसिटरच्या टोकांवर मीटर लावला. आकडा २९० च्या वर होता. दोष त्याच रोधकाचा निघाला. गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या मीटरवर दिसले, आणि ती दोन मुले डोळ्यांसमोर आली.

म्हणून मर्यादा अशी आखून घ्यावी. सॉकेट, वायर, बाहेरून निघणारा फ्यूज आणि अॅडाप्टर, एवढे आपले क्षेत्र. ज्या पेटीत भिंतीची वायर थेट जाते ती पेटी आपण उघडावयाची नाही. किती वेळ थांबलो याने तो नियम बदलत नाही. जळका वास आला असेल, पेटीत पाणी गेले असेल, तिच्या धातूच्या भागास हात लावल्यावर झिणझिण्या आल्या असतील, किंवा नवा फ्यूज लगेच गेला असेल, तर पुन्हा वीज जोडूनही पाहू नये. चाकांच्या स्पीकरांत बॅटरी असते, तीही वायर काढल्याने निष्प्राण होत नाही.

दुरुस्तीस पाठविताना पेटीला एक चिठ्ठी बांधावी : सॉकेट पाहिले, वायर बदलून पाहिली, फ्यूज शाबूत, तरी मुका. कारागिराचा त्यामुळे वेळ वाचतो; आणि ‘फ्यूज शाबूत’ हे दोन शब्द वाचून तोही आत हात घालण्यापूर्वी प्रथम मीटर उचलतो.