वेळ टळली की जीव वाचतो

आम्ही लालबाग-परळ भागातल्या बचत गटांचं काम बघणाऱ्या बायका. आमच्या चाळींतली निम्मी घरं तुमच्याच गावांची आहेत. रत्नागिरी, सातारा, सांगली, कोल्हापूरहून माणसं गिरणीत कामाला आली आणि इथली झाली. म्हणून आज जे बोलणार आहोत ते शहराचंही आहे आणि गावाचंही. विषय आत्महत्येचा आहे. ऐकताना जीव जड झाला तर जरा थांबा, शेजारणीला जवळ बोलवा आणि मग पुढचं ऐका.

आधी आकडे, तेही दोन-तीनच. २०२२ साली देशात १ लाख ७० हजारांहून जास्त आत्महत्यांची नोंद झाली. त्यातल्या २२ हजार ७०० च्या वर आपल्या महाराष्ट्रातल्या होत्या, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. देशभरात त्या वर्षी सुमारे ४८ हजार बायका गेल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त गृहिणी होत्या. पेपरात शेतकरी दादांची बातमी येते, ती यायलाच हवी. पण चुलीपाशी राबणारी बाई त्या बातमीत दिसत नाही, ती फक्त आकड्यात सापडते.

हे आकडे पोलिसांच्या नोंदीवरून येतात. घरचे लोक अब्रूला आणि चौकशीला भितात, म्हणून पुष्कळ वेळा ‘अपघात झाला’, ‘चुकून औषध पोटात गेलं’ असं सांगतात. त्यामुळे खरा आकडा नोंदीपेक्षा मोठा असतो, आणि बायकांच्या बाबतीत ही लपवाछपवी जास्त होते.

नोंदीत एक रकाना कारणाचा असतो. त्यात सगळ्यांत जास्त वेळा ‘कौटुंबिक कारण’ लिहिलेलं असतं, त्याखालोखाल ‘आजारपण’. पण एका शब्दात कारण मावत नाही. आमच्या गिरणगावाचंच बघा. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. पगार थांबले. आधी मंगळसूत्र गहाण पडलं, मग भांडी विकली, मग सावकार आला. कुणी दारूला लागलं, कुणी बायकापोरांना घेऊन गावी परतलं, कुणी खचून जीव दिला. कागदावर लिहायचं तर ‘बेकारी’. पण संप अडीच लाखांवर आला आणि त्यातले बहुतेक जण जगले, पोरं वाढवली. मग जे गेले त्यांच्या बाबतीत वेगळं काय घडलं?

ह्या विषयाचा अभ्यास करणारे सांगतात की एकावर एक ओझी चढत जातात. कर्ज किंवा रोजगार जाणं, दारू, घरातली मारहाण, न थांबणारं दुखणं, मनाचा आजार, जवळचं कुणी गेलेलं असणं. ह्यांतलं एकेक ओझं माणूस पेलतो. तीन-चार एकदम आली आणि बोलायला कुणी नसलं की तोल जातो. आणि सगळ्यांत मोठी खूण म्हणजे त्या माणसाने आधी एकदा प्रयत्न केलेला असणं.

ओझी कमी करता येतात. इंडोनेशियात सरकारने गरीब घरांना थेट रोख पैसे द्यायला सुरुवात केली. जिथे पैसे पोचले त्या भागांत आत्महत्या सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचं अभ्यासकांना दिसलं. ती योजना आत्महत्या रोखायला काढलेलीच नव्हती. आपल्या गटातलं अडीअडचणीचं कर्ज वेळेवर मिळणं, हप्ता चुकला तर बाईला चारचौघीत न बोलणं, हे त्याच जातीचं काम आहे. वसुलीला दारात उभं राहून तिला लाज आणली, तर आपणच तिच्या ओझ्यात भर घालतो.

आता मुख्य गोष्ट सांगतो. जीव द्यायचा विचार मनात घोळत असतो, पण तो टोकाला पोचतो ती वेळ पुष्कळदा फार छोटी असते, काही मिनिटांची किंवा काही तासांची. भांडण झालं, अपमान झाला, डोकं फिरलं. त्या वेळी हाताशी जालीम वस्तू असली तर जीव जातो. नसली तर वेळ टळते. आणि ‘आज वाचली तरी उद्या करणारच’ हा समज चुकीचा आहे. प्रयत्नातून वाचलेल्या दहा जणांपैकी नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत.

हे एका देशाने करून दाखवलं. श्रीलंकेत १९९५ च्या सुमाराला दर लाख माणसांमागे वर्षाला जवळजवळ ४७ जण आत्महत्येने जात होते, जगातल्या सगळ्यांत मोठ्या दरांपैकी तो एक होता. पुष्कळ घरांत शेतीची औषधं वापरली गेली होती. सरकारने सगळ्यांत विषारी औषधांवर १९९५ मध्ये आणि १९९८ मध्ये बंदी घातली. दहा वर्षांत आत्महत्यांचा दर निम्म्यावर आला आणि पुढेही उतरत राहिला. भांडणं, कर्ज, दारू तिथे होतंच. पण हाताशी आलेलं औषध कमी जालीम होतं, म्हणून माणूस दवाखान्यापर्यंत जिवंत पोचू लागला. आणि पिकाचं उत्पन्न त्या बंदीमुळे घटलं नाही.

बंदी सरकारने करायची. गावाने काय करायचं? तमिळनाडूत कडलूर जिल्ह्यात दोन गावांनी एक प्रयोग केला. गावात एक सामायिक खोली बांधली, तिच्यात प्रत्येक शेतकऱ्याला कुलपाची पेटी दिली आणि राखायला माणूस ठेवला. औषध घरी न्यायचं नाही, फवारणीच्या दिवशी तिथून काढायचं, उरलेलं परत तिथेच ठेवायचं. ज्या गावांत अशी खोली नव्हती त्यांच्या तुलनेत ह्या गावांत आत्महत्या कमी झाल्या.

पुढे श्रीलंकेत घराघरात कुलपाच्या पेट्या वाटून पाहिल्या. १८० गावं, पन्नास हजारांवर घरं. पण फरक पडला नाही. पेटी घरातच, किल्ली खिळ्याला, आणि पेटी बंद असली तर दुकान उघडं. म्हणून नुसतं कुलूप पुरत नाही. औषध घरापासून लांब हवं, किल्ली दुसऱ्याकडे हवी. गरजेपुरतंच विकत आणावं, उरलेलं साठवू नये, आणि कृषी सेवा केंद्रवाल्या दादांनाही सांगून ठेवावं की कुणी रागात, रडवेलं किंवा पिऊन आलं तर आज देऊ नका, उद्या या म्हणा. उंदराचं औषध आणि आजीच्या उरलेल्या गोळ्यांनाही हाच नियम.

आणि तरीही कुणी काही घेतलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. त्यात श्वासात विष जाण्याचा धोका असतो. १०८ ला फोन करा, औषधाची बाटली किंवा पाकीट बरोबर घ्या आणि सरळ दवाखाना गाठा. पोलिसांच्या भीतीने तास घालवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, आणि त्याच्यावर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी आहे.

दवाखान्यातून बाई घरी आली की घरचे म्हणतात, झालं गेलं विसरा. खरं तर तेव्हाच धोका जास्त असतो. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक साधी पद्धत वापरून पाहिली, त्यांत आपलं चेन्नईही होतं. घरी सोडताना तासभर बसून समजावून सांगायचं आणि मग दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या आणि अकराव्या आठवड्यात, मग चौथ्या, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात. ज्यांना असं विचारत राहिले त्यांच्यात हजारी दोन जण आत्महत्येने गेले. ज्यांना नेहमीसारखेच उपचार मिळाले त्यांच्यात हजारी बावीस.

हे कसं बसवायचं ते बघा. समजा, गटातली एक वहिनी सोमवारी घरी आली. आशाताईंनी आणि तिचा जिच्यावर विश्वास आहे अशा एका मैत्रिणीने मिळून नऊ तारखा वहीत लिहायच्या. वही गटाच्या बैठकीत उघडायची नाही. पहिल्या भेटीत एवढंच विचारायचं, झोप लागते का, जेवतेस का, गोळ्या चालू आहेत का, पुढची तारीख कधी आहे, आणि ‘अजून मरायचे विचार येतात का?’ सुरुवातीला भेटी जवळजवळ आहेत, कारण धोका तेव्हा जास्त. अकराव्या आठवड्यानंतर सगळ्यांना वाटतं ती सावरली. तिथेच वही मिटू नका. चौथ्या महिन्याची भेट चुकवू नका.

‘मरायचे विचार येतात का’ असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कुणीतरी ओळखलं म्हणून बाईला हलकं वाटतं. ती ‘हो’ म्हणाली तर तिला एकटं सोडू नका. हाताशी असलेल्या जालीम वस्तू लांब करा आणि तिच्यासमोरच १४४१६ हा नंबर लावा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. घरात मारहाण होत असेल तर ‘सहन कर’ म्हणून तिला परत धाडू नका, संरक्षण अधिकाऱ्यांपर्यंत सोबत जा.

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर एकच विषय घ्या. आपल्या गावात फवारणीचं औषध कुणाच्या घरात, कुठे ठेवलंय आणि ते घराबाहेर एका जागी कुठे ठेवता येईल. जागा ठरवा, किल्ली कुणाकडे ते ठरवा. गेलेल्या माणसाबद्दल बोलताना ‘कसं केलं’ ह्याची चर्चा मात्र करू नका. ती ऐकणारी एखादी आधीच खचलेली असू शकते.