पाठीमागच्या उन्हात फ्लॅशमधले मामा

साखरपुड्याचा एक घोळक्याचा फोटो डोळ्यांपुढे आणा. वाड्याच्या अंगणात सोळा माणसं उभी आहेत. संध्याकाळचं ऊन त्यांच्या पाठीमागून येतंय. केसांना आणि खांद्यांना उजेडाची किनार आहे, चेहरे मात्र सावलीत. ते काळे पडले म्हणून मोबाईलने उजळले आणि उजळताना त्यांवर नॉइजची रवाळ माती आली. या फोटोत न आलेल्या मामांना बसवायचंय. मामांचा हाताशी असलेला फोटो दिवाणखान्यात रात्री फ्लॅश मारून काढलेला: कपाळ चकाकतंय, डोक्यावर पांढरी टोपी, मागच्या भिंतीवर काळी कडक सावली. हे काम करणारे बहुतेक जण पहिला हात घालतात तो रंगाला. मामा जरा पिवळे करून बघ, जरा निळे करून बघ. तासाभराने रंग जुळतो, पण मामा चिकटवलेलेच दिसतात. माझं म्हणणं असं, की इथे रंगाचा नंबर तिसरा आहे. आधी उजेड कुठून येतो ते, मग काळं किती काळं आहे ते, मग रंग, आणि नॉइज अगदी शेवटी. हा क्रम मोडला की पुढची पायरी मागची पुसून टाकते.

उजेडाच्या दिशेपासूनच सुरुवात करू, कारण इथे एक गैरसमज आहे. फ्लॅशचा फोटो जोडकामाला वाईट, असं सरसकट म्हटलं जातं. पण पाठीमागे सूर्य असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर उजेड पडतो तो समोरच्या मोकळ्या आभाळाचा, सर्व बाजूंनी आणि मऊ. त्यात गालावर ठळक सावली नसते. कॅमेऱ्यावरचा फ्लॅशही समोरूनच येतो आणि चेहरा सपाट करतो. म्हणजे खिडकीच्या बाजूउजेडात काढलेल्या देखण्या फोटोपेक्षा फ्लॅशमधले मामा इथे जवळचे ठरतात. खिडकीच्या फोटोतला अर्धा काळा चेहरा सपाट करायला तो जवळजवळ नव्याने रंगवावा लागतो. फ्लॅशच्या फोटोत फक्त ठरावीक खोडी दूर करायच्या असतात. त्यातली एक अंतराची. फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. नाक फ्लॅशपासून 50 सेंटीमीटरवर असेल आणि कान 65वर, तर कानावर नाकाच्या जेमतेम 60 टक्के उजेड पोचतो. दोन मीटरवरून काढलेल्या फोटोत हाच आकडा 86च्या आसपास जातो. आभाळाच्या उजेडात नाक-कान असा फरक नसतोच. म्हणून मामांचे चार फोटो असतील तर लांबून घेतलेला निवडावा, चेहरा त्यात लहान असला तरी चालेल.

दुसरी खोड कपाळावरच्या चकाकीची. तिथे तिन्ही रंगांचे आकडे 255ला टेकले असतील तर त्या जागी त्वचा नोंदलीच गेलेली नाही. कितीही गडद करा, राखाडी डाग मिळेल. शेजारच्या कातडीचा तुकडा आणून बसवणं एवढाच उपाय. 240च्या आत असेल तर गालाचा रंग घेऊन, अगदी पातळ थरांत, वरून फिरवता येतो आणि सुरकुत्या शाबूत राहतात. मग उरते उजेडाची किनार. ती शेजारच्या माणसाच्या खांद्यावरून उचललेल्या रंगाने, त्याच बाजूला, तेवढ्याच जाडीची, `Addition` मोडमधल्या लेयरवर काढावी, कारण खरा उजेड आधीच्या उजेडात भरच घालतो. गंमत म्हणजे कापलेल्या केसांची खडबडीत कड, जी एरवी चोरी पकडून देते, ती या किनारीखालीच झाकली जाते.

आता काळं आणि रंग. ते एकत्र घेतो, कारण आपोआप रंग जुळवणारी बटणं इथेच फसतात. आक्षेप येतो तो असा, की एका बटणात जुळत असेल तर मोजमाप कशाला? उदाहरणापुरते आकडे घेऊ. घोळक्यातल्या एकाचा पांढरा सदरा सावलीत लाल 142, हिरवा 150, निळा 163 असा मोजला, म्हणजे निळसर. त्याच फोटोतले काळे केस मात्र 34, 28, 22, म्हणजे पिवळसर आणि पुरते काळे नाहीतच. सूर्याकडे तोंड केलेल्या भिंगात ऊन पसरतं आणि त्याचा धुरकट पडदा सगळ्या फोटोवर चढतो, म्हणून केस असे. एकाच फोटोत पांढरं आभाळाने निळं आणि काळं उन्हाने पिवळं. बटण सगळ्या फोटोची सरासरी काढतं, त्यात मागचं झगझगीत अंगणही येतं, आणि मामा धड निळे ना पिवळे होतात. त्यापेक्षा पांढऱ्याला पांढरं आणि काळ्याला काळं जुळवावं: मामांच्या टोपीला सदरा, केसांना केस. गालाला गाल कधीच जुळवू नये. मामा सावळे आणि जावई गोरा असेल तर आपण मामांचा वर्ण बदलून बसू! टोपी 235वर आणि सदरा 150वर असेल तर एक्स्पोजर सुमारे दीड स्टॉप उतरवावं लागतं, तेही उजेडाच्या सरळ प्रमाणात. पडद्यावरचे आकडे नुसते गुणून नव्हे, कारण 150 हा आकडा 235च्या दोन-तृतीयांश दिसला तरी प्रत्यक्ष उजेड तिसऱ्या हिश्शाच्या थोडा वरच असतो. मग `Levels`मध्ये तिन्ही रंगांची खालची टोकं वेगवेगळी उचलून केस केसांपाशी आणावेत, आणि वरची टोकं थोडी हलवून टोपीत सदऱ्याचा निळेपणा आणावा.

शेवटी नॉइज. त्यालाही आक्षेप आहे: घोळक्याचाच फोटो स्वच्छ करून टाका, म्हणजे दोन्ही जुळतील. पण नॉइज काढणारं कुठलंही साधन नॉइजबरोबर शालूची जर आणि भुवयांचे केसही पुसतं. एका माणसासाठी सोळा जणांना मेणाचं करणं महागात पडतं. नेहमी चांगल्या फोटोला वाईटाकडे न्यावं. मामांचा फोटो आधी हव्या मापाला लहान करून घ्यावा, कारण लहान करताना नॉइज आपसूक मरतो. आधी नॉइज घालून मग लहान केलं तर घातलेला वाया जातो. मग सदऱ्याचा सपाट तुकडा निवडून `Histogram`मधलं `Std. dev.` वाचावं. तिथे 7 आणि टोपीवर 1.5 आलं, तर फरक वजाबाकीने काढायचा नाही, 49मधून 2.25 वजा करून वर्गमूळ घ्यायचं, ते 6.8 येतं. तेवढा नॉइज राखाडी लेयरवर घालून `Grain merge`ने मिसळावा. मात्र कोरा नॉइज सुईच्या टोकासारखा बारीक असतो आणि मोबाईलचा गुठळ्यांचा, कारण कॅमेरा शेजारच्या पिक्सेलांवरून रंग भरतो. म्हणून त्या लेयरला पाऊण-एक पिक्सेलचा ब्लर द्यावा. ब्लरने आकडा खाली येतो, तेव्हा पुन्हा मोजावं. उजळलेल्या सावलीत नॉइज जास्त दिसतो, म्हणून केसांवर आणि हनुवटीखाली थोडा अधिक राहील असा मास्क लावावा.

कुणी म्हणेल, हे सगळं मोबाईलवर बघायचं तर रवा कोण बघतो? त्याचं बरोबर आहे. फोटो फक्त व्हॉट्सॲपवर जाणार असेल तर नॉइजची पायरी खुशाल गाळा, लहान करताना तो तसाही विरतो. किनार आणि काळं मात्र गाळता येत नाही, कारण ती अंगठ्याएवढ्या चित्रातही दिसतात. आणि एक गोष्ट कशानेच बदलत नाही: मामांच्या बुबुळात फ्लॅशचा टिपका आहे, आणि बाकी सोळांच्या डोळ्यांत आभाळाची पसरट फिकी चकती. अल्बमसाठी मोठा छापायचा असेल तर तो टिपका पुसून शेजारच्यांसारखी चकती काढावी लागते, दोन्ही डोळ्यांत एकाच जागी.