लाइनचा हिशेब : एका रुपयाच्या विक्रीमागे किती पैसे?

यवतमाळ जिल्ह्यात मालाची एजन्सी चालवणाऱ्या कुणालाही विचारा, तुमची सर्वांत चांगली लाइन कोणती? उत्तर बहुधा विक्रीच्या आकड्यात येतं. ‘दारव्हा-पुसद लाइन महिन्याला आठ लाख देते.’ बिस्किटं असोत, साबण असो, मसाले असोत की फरसाण, लाइनची प्रतवारी विक्रीवर होते. पण आठ लाखांचा माल दुकानांत पोचवायला किती खर्च झाला, हे त्या उत्तरात नसतं. आपला जिल्हा सोळा तालुक्यांचा आणि साडेतेरा हजार चौरस किलोमीटरहून मोठा. यवतमाळच्या गोदामातून शहरातल्या दुकानात माल पाठवणं आणि शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या वणीत पाठवणं, यांत खर्चाचा मोठा फरक आहे. म्हणून प्रत्येक लाइन तपासायची ती एका प्रश्नाने : एक रुपयाचा माल विकायला किती पैसे गेले?

हिशेबात तीन खाती धरायची. पहिलं प्रवासाचं. यात ऑर्डर घ्यायला जाणाऱ्या सेल्समनचं पेट्रोल, एसटीचं भाडं, मुक्काम आणि जेवणाचा भत्ता. दुसरं कमिशनचं. सेल्समनला पगार असेल तर तोही इथेच. तिसरं माल पोचवण्याचं. यात गाडीचं डिझेल, टोल, ड्रायव्हरचा पगार, गाडीचा हप्ता, हमाली आणि परत आलेला माल आणण्याचा खर्च. या तिन्हींची बेरीज करायची आणि तिला त्या लाइनच्या विक्रीने भागायचं. विक्री धरताना दोन गोष्टी वजा करायच्या. एक म्हणजे जीएसटी, कारण तो सरकारचा पैसा आहे. दुसरी म्हणजे परत आलेला माल. महिनाअखेरीला टार्गेट गाठण्यासाठी दुकानात भरलेला माल पुढच्या महिन्यात परत येतो, आणि तो वजा केला नाही तर लाइन आहे त्यापेक्षा चांगली दिसते.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून धरलेले आहेत. यवतमाळच्या एका वितरकाच्या तीन लाइनी आहेत, आणि त्याला प्रत्येक रुपयाच्या विक्रीत आठ पैसे मार्जिन सुटतं.

पहिली लाइन यवतमाळ शहराची. महिन्याची विक्री पाच लाख. तिन्ही खात्यांचा खर्च साडेबावीस हजार, म्हणजे रुपयामागे साडेचार पैसे. मार्जिन आठ, खर्च साडेचार, उरले साडेतीन पैसे.

दुसरी लाइन दारव्हा, दिग्रस, पुसदची. विक्री आठ लाख, खर्च बावन्न हजार. रुपयामागे साडेसहा पैसे गेले, दीड पैसा उरला. विक्रीत पहिली असलेली ही लाइन शहरापेक्षा कमी कमावते. शहरातून महिन्याला साडेसतरा हजार सुटतात, इथून बारा हजार.

तिसरी लाइन पांढरकवडा, मारेगाव, वणीची. विक्री चार लाख. सेल्समनच्या प्रवासाचे दहा हजार. या लाइनीवर जायला कुणी तयार नव्हतं, म्हणून इथे कमिशन दोनऐवजी तीन टक्के, म्हणजे बारा हजार. गाडीच्या आठवड्याला एक अशा चार खेपा, प्रत्येक खेपेला साडेचार हजार, म्हणजे अठरा हजार. एकूण चाळीस हजार. रुपयामागे दहा पैसे! मार्जिन आठच पैसे. म्हणजे ही लाइन महिन्याला आठ हजार रुपये खाते आहे.

हे आकडे पाहिल्यावर पहिला विचार येतो तो लाइन बंद करण्याचा. श्रोतेहो, इथेच थांबायचं. लाइन बंद केली तर नेमका कोणता खर्च थांबेल? सेल्समनचा प्रवास थांबेल, दहा हजार. कमिशन थांबेल, बारा हजार. डिझेल, हमाली, भत्ता थांबेल, समजा आठ हजार. हे झाले तीस हजार. पण गाडीच्या अठरा हजारांतले उरलेले दहा हजार म्हणजे गाडीच्या हप्त्याचा आणि ड्रायव्हरच्या पगाराचा या लाइनीवर टाकलेला वाटा. लाइन बंद झाली तरी बँक हप्ता मागणारच आणि ड्रायव्हर पगार घेणारच. म्हणजे वाचले तीस हजार, आणि चार लाखांच्या विक्रीवरचं मार्जिन गेलं बत्तीस हजार. लाइन बंद करून वितरक दोन हजारांनी आणखी खाली जाईल. त्या दिवसांत गाडीला दुसरं काम मिळणार असेल, तरच बंद करण्याचा विचार परवडतो. म्हणून खर्चाच्या प्रत्येक रकमेपुढे एक खूण करून ठेवा : लाइन थांबली तर ही रक्कम थांबते की चालूच राहते?

मग तोटा येतो कुठून? अंतर लांब आहे हे खरं, पण अंतर आपण कमी करू शकत नाही. ऑर्डरचा आकार मात्र बदलू शकतो. त्या तिसऱ्या लाइनीवर गाडीची एक खेप साडेचार हजारांची आणि त्याच खेपेसाठी सेल्समनचा प्रवास अडीच हजारांचा, असे सात हजार. एका खेपेत गाडी तीस दुकानांसमोर थांबते. म्हणजे एका थांब्याला सरासरी दोनशे तेहतीस रुपये पडतात. दुकानदाराने एक हजाराचा माल घेतला तर मार्जिन ऐंशी रुपये, त्यातून कमिशनचे तीस गेले, उरले पन्नास. खर्च दोनशे तेहतीस, हाती पन्नास! तोच दुकानदार दहा हजारांचा माल घेतो तेव्हा पाचशे रुपये उरतात आणि थांब्याचा खर्च भागून वर काही सुटतं. या लाइनीवर सरासरी ऑर्डर साधारण चार हजार सातशेची असेल तेव्हा ना नफा ना तोटा. प्रत्यक्षात खेपेला एक लाखाचा माल जातो, म्हणजे सरासरी ऑर्डर तेहतीसशेची. खड्डा आहे तो इथे.

यावर पहिला उपाय म्हणजे खेपा कमी करणं. आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी गाडी पाठवायची. दुकानदारांना आधी सांगायचं, की आता एकदम पंधरा दिवसांचा माल घ्या, मधल्या आठवड्यात काही लागलं तर फोनवर लिहून द्या, पुढच्या गाडीत येईल. यात काही विक्री जाईल. दहा टक्के गेली असं धरू. चार लाखांची विक्री तीन लाख साठ हजार झाली. मार्जिन अठ्ठावीस हजार आठशे. प्रवास निम्मा, पाच हजार. गाडी निम्मी, नऊ हजार. कमिशन दहा हजार आठशे. एकूण खर्च चोवीस हजार आठशे, म्हणजे रुपयामागे सातला किंचित कमी पैसे. आठ हजारांच्या तोट्याच्या जागी चार हजार उरले, आणि तेही विक्री घटल्यावर. सरासरी ऑर्डर आता सुमारे सहा हजारांवर गेली.

पण दोन अटी आहेत. पहिली अशी, की मोकळ्या झालेल्या दोन दिवसांत गाडीला काम हवं. ती दारात उभी राहिली तर हप्ता आणि पगाराचे पाच हजार पुन्हा याच लाइनीवर बसतात आणि चार हजारांच्या नफ्याचा एक हजाराचा तोटा होतो. तरी आठ हजारांपेक्षा तो कमीच. दुसरी अट गाडीच्या क्षमतेची. खेपेला पावणेदोन लाखांहून जास्त माल जाणार, तर तो एका पिकअपमध्ये मावतो का, हे वजन आणि खोके मोजून आधी बघा.

दुसरा उपाय वणीतच सब-स्टॉकिस्ट नेमण्याचा. त्याला रुपयामागे काही पैसे सोडायचे आणि माल ट्रान्सपोर्टने एकगठ्ठा पाठवायचा. सब-स्टॉकिस्टचा वाटा आणि ट्रान्सपोर्टचं भाडं मिळून आठ पैशांच्या आत बसत असेल तरच हा मार्ग घ्यावा. नकाशाही जरा वेगळ्या नजरेने बघा. वणीला यवतमाळपेक्षा चंद्रपूर बरंच जवळ पडतं आणि उमरखेडला नांदेड. तिथल्या वितरकाचा खर्च तुमच्यापेक्षा कमी असणार. अशा टोकाच्या गावांत तो तुमच्यापेक्षा स्वस्तात माल देऊ लागला, तर भाव पाडून त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही.

मात्र वणी सोडण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहा. आपल्या जिल्ह्यातला बराचसा बाजार कापूस आणि सोयाबीनच्या पैशावर चालतो. दसरा-दिवाळीपासून पुढे काही महिने दुकानांत रोकड असते. पावसाळ्यात पेरणी, खत, औषधं यांत घरातला पैसा जातो आणि किराण्याची ऑर्डर लहान होते. वणी परिसरात कोळसा खाणी आहेत, तिथे पगाराचा पैसा दर महिन्याला येतो. म्हणून ऑगस्टचा एक महिना घेऊन लाइनचा निकाल लावू नका. शेतीवर चालणारी लाइन त्या महिन्यात वाईट दिसणारच. पूर्ण बारा महिने घ्या. तेवढी नोंद नसेल तर निदान एक सुगीचा आणि एक पावसाळ्याचा महिना शेजारी ठेवून बघा.

आता हिशेब चुकतो कुठे, तेही सांगतो. बरेच जण गाडीचा एकूण खर्च सगळ्या लाइनींवर विक्रीच्या प्रमाणात वाटून टाकतात. तसं केलं की गाडीखर्च प्रत्येक लाइनीला रुपयामागे सारखाच येतो, आणि जो फरक शोधायला बसलो तोच पुसला जातो. गाडी कोणत्या लाइनीवर किती दिवस होती, किती किलोमीटर धावली, यावरून खर्च वाटा. दुसरी चूक उधारीची. वसुली दोन महिने लांबत असेल तर तेवढं व्याज तुमच्या खिशातून जातं. हे व्याज या तीन खात्यांत दिसत नाही, म्हणून शेजारी वेगळं लिहा. आणि कमिशन बिलावर न देता वसूल झालेल्या रकमेवर द्या. म्हणजे सेल्समन जबरदस्तीने माल भरणार नाही आणि उधारीही स्वतः मागेल.

यासाठी संगणक हवाच असं नाही. ड्रायव्हरजवळ एक वही द्या. प्रत्येक खेपेला त्यात तारीख, लाइनचं नाव, निघतानाचं आणि परतल्यावरचं किलोमीटर, डिझेल, टोल, हमाली, भत्ता, किती दुकानांत थांबलो आणि किती माल परत आला, एवढं लिहायचं. सेल्समनची अशीच दुसरी वही. महिनाअखेरीला प्रत्येक लाइनीचे चार आकडे काढा : निव्वळ विक्री, तिन्ही खात्यांचा खर्च, रुपयामागे गेलेले पैसे आणि सरासरी ऑर्डर. रुपयामागचे पैसे मार्जिनच्या वर गेले, तर आधी सरासरी ऑर्डर बघा, मग खेपा, मग कमिशन. या तिन्हींत बदल करून तीन महिने वाट पाहूनही आकडा खाली येत नसेल, आणि गाडीला दुसरीकडे खरोखर काम असेल, तर ती लाइन शेजारच्या वितरकाला देऊन टाका. गोदामाचं भाडं आणि कारकुनाचा पगार शेवटी उरलेल्या पैशातूनच द्यायचा आहे, हे त्या वेळी ध्यानात असू द्या.