वरच्या मजल्यावरचं वायफाय

दुमजली घरातली तक्रार ठरलेली असते. खाली हॉलमध्ये नेट पळतं आणि वरच्या मागच्या खोलीत व्हिडिओ अडकून बसतो. मग घरातलं कुणीतरी बाजारातून सॉकेटला लावायचा छोटा एक्स्टेंडर आणतं आणि लावतं कुठे? त्याच मागच्या खोलीत! अहो, जिथे सिग्नलच धड पोहोचत नाही, तिथे बसून तो पुढे काय देणार?

असं समजा, नळ तळमजल्यावर आहे आणि पाणी वर न्यायचंय. साधा एक्स्टेंडर म्हणजे जिन्यात उभा असलेला एकटा माणूस, हातात एकच बादली. खालून भरून घ्यायची, वळायचं, वर ओतायची, पुन्हा खाली वळायचं. ज्या चॅनलवर तो राउटरकडून घेतो, त्याच चॅनलवर तुमच्या फोनला देतो. दोन्ही एकदम जमत नाही, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. आणि हा माणूस जिथे खालून पेलाभरच पाणी येतं अशा जागी उभा केलात, तर वर अर्धा पेला मिळेल.

नाशिकला एका ओळखीच्या बंगल्यात हेच झालं होतं. कनेक्शन दोनशे एमबीपीएसचं. राउटर पुढच्या दाराशी, कारण फायबरची तार तिथून आत येते. मध्ये लोखंडी सळयांचा स्लॅब आणि विटांच्या दोन भिंती. वरच्या मागच्या खोलीत जेमतेम दहा-बारा मिळत होते. तिथे एक्स्टेंडर लावल्यावर फोनवर सगळ्या रेघा भरल्या आणि वेग आणखी उतरला. घरच्यांना हे कोडं वाटलं. पण त्या रेघा फोन आणि एक्स्टेंडर यांच्यातल्या आहेत. एक्स्टेंडरला खालून किती मिळतंय, ते त्या सांगत नाहीत. रेघा भरलेल्या आणि व्हिडिओ अडकलेला, असं दिसलं की समजा, डबा चुकीच्या जागी आहे.

तो जिन्याच्या वरच्या टोकाशी आणला. जिना उघडा, त्यामुळे स्लॅब बराचसा टळतो. शेजारच्या खोलीत पन्नासच्या आसपास वेग आला. वर एकच माणूस बसून काम करणार असेल, तर एवढ्यावर थांबा. उगाच पैसे घालवू नका.

पण त्या घरात वर मुलीचे ऑनलाइन क्लास, टीव्ही, मुलाची ऑफिसची मीटिंग, सगळं एकदम. शिवाय मुलगा फोनवर बोलत जिना चढला की फोन खालच्या राउटरला चिकटून राहायचा आणि मध्येच आवाज तुटायचा. इथे मेश जिंकतो. मेशचे डबे एकमेकांशी बोलतात, आणि फोनला सुचवतात की आता वरच्या डब्याकडे ये. ऐकायचं की नाही हे शेवटी फोनच ठरवतो, पण बहुतेक नवे फोन ऐकतात.

आता जे सगळे विसरतात ते. मेश म्हटलं की निम्म्याचं गणित संपलं असं नाही. दोन बँडचा स्वस्त मेश बिनतारी चालवलात, तर तोसुद्धा जिन्यातला एक बादलीवालाच. तीन बँडच्या मेशमध्ये तिसरा बँड बहुधा डब्यांच्या आपसातल्या वाहतुकीसाठी राखलेला असतो, म्हणजे खालून घ्यायला एक माणूस आणि वर द्यायला दुसरा. आणि दोन डब्यांमध्ये लॅनची तार टाकलीत, तर नळाचा पाइपच वर गेला. मग स्लॅब कितीही जाड असो. त्या बंगल्यात केबल टीव्हीचा जुना पाइप गच्चीपर्यंत गेलेला होता. त्यातून कॅट सिक्सची तार ओढली आणि वरही खालच्याइतकाच वेग आला. तुमच्याकडे असा पाइप आहे का, हे आधी बघा.

तार शक्य नसेल, तर खरेदीआधी एक करा. डबा जिथे ठेवणार तिथे उभे राहा, फोन खालच्या राउटरच्या पाच गिगाहर्ट्झला जोडा आणि स्पीड टेस्ट करा. जो आकडा येईल, साधारण तेवढाच वेग त्या डब्याला खालून मिळणार. पुन्हा सांगतो, डबा जिथे नेट नाही तिथे नाही, जिथे अजून चांगलं नेट आहे तिथे ठेवायचा. मागच्या खोलीत नाही, जिन्याशी!

वेळ संपत आलीय, तरी एक राहिलं. मेश लावल्यावर कंपनीच्या जुन्या राउटरचं वायफाय बंद करा, नाहीतर फोन त्यालाच धरून बसेल. आणि मेशला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर ठेवा, नाहीतर दोन राउटर एकामागे एक होतात आणि मग प्रिंटर, कॅमेरे... ते सगळं सांगायला आज मिनिटं उरली नाहीत.