मोटार धरायली की धरली?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



जालन्याहून भोकरदनकडे निघालं की राजूरचा गणपती मागे टाकल्यावर केदारखेडा लागतं. तिथल्या एका गॅरेजच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी चाळीस पानांचं एक पुस्तक घेऊन गेलो होतो. आसपासच्या गावांतली सोळा-सतरा पोरं समोर बसलेली. कुणी मोटारसायकलवाला, कुणी पंपाच्या मोटारी भरणारा. विजेवर चालणाऱ्या स्कूटर दुरुस्त करायचं शिक्षण त्यांना द्यायचं होतं. मूळ पुस्तक इंग्रजी, मराठी माझं. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे हे काम आपलंच आहे असा माझा समज होता. शासनाचे परिभाषा कोश उशाशी घेऊन मी दोन महिने बसलो होतो.

पहिल्या दहा मिनिटांतच पुस्तक आडवं झालं. कंट्रोलरला मी ‘नियंत्रक’ म्हटलं होतं. एका पोरानं विचारलं, “सर, हा एसटी स्टँडवर बसतो तो का?” वाहतूक नियंत्रकाची खिडकी सगळ्यांच्या ओळखीची, त्यामुळे शेडमध्ये हशा पिकला. बरं, ‘कंट्रोल’ म्हणावं तर ते रेशनचं दुकान. शेवटी ‘कंट्रोलर’ हाच शब्द ठेवला. पुढे ‘डीसी बस’ आली. बॅटरीकडून येणारी वीज ज्या दोन जाड पट्ट्यांवरून कंट्रोलरमध्ये फिरते, त्यांना इंग्रजीत बस म्हणतात. पोरांना वाटलं, 2022 साली पुण्याहून नगरला सुरू झालेल्या शिवाई बसबद्दल बोलतोय. मी तो शब्द खोडला आणि ‘बॅटरीची मुख्य लाइन’ असं लिहिलं.

या झाल्या गमती. खरी अडचण आली ती ‘रीजनरेटिव्ह ब्रेकिंग’ला, आणि आज तेवढंच सांगायचं आहे.

माझं भाषांतर होतं ‘पुनर्निर्मितीक्षम गतिरोधन’. वाचतानाच जीभ अडखळत होती. मग पोरांच्या सोयीसाठी मी सोपं केलं, ‘वीज परत देणारा ब्रेक’. सगळ्यांनी माना डोलावल्या, मलाही बरं वाटलं. मात्र त्यातला एकच शब्द पुढे आम्हाला नडणार होता, आणि तो म्हणजे ‘ब्रेक’.

दोन आठवड्यांनी त्याच गॅरेजमध्ये एक दूधवाले काका आले. तक्रार अशी की, सकाळी निघताना ब्रेक लागत नाही आणि दुपारी बरोबर लागतो. घरून निघाल्यावर पूर्णेच्या पुलाकडे उतार आहे, तिथे गाडी सुसाट जाते. पोरांनी मागचा ड्रम उघडला, शू घासले, केबल आवळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच तक्रार. मग शू नवे टाकले. तिसऱ्या दिवशी काका संतापून आले, आणि मला फोन आला.

मी एवढंच विचारलं, “गाडी चार्ज कधी करतात?” रात्रभर लावलेली असते, सकाळी काढतात. तिथेच उत्तर होतं. ब्रेक ठणठणीत होता. काकांना रोज जे जाणवायचं ते मुळात ब्रेकचं काम नव्हतंच. मूठ सोडली की गाडीची मोटार डायनॅमो होते, वीज तयार करून बॅटरीत परत घालते आणि त्या कामासाठी चाकाची गती खाते. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असली तर ती वीज घालणार कुठे? या जातीच्या बहुतेक बॅटऱ्यांच्या एकेका सेलला 4.2 व्होल्ट ही वरची हद्द. त्यापुढे भरलं तर सेल खराब होतो, तापतो, पेटूही शकतो. म्हणून कंट्रोलर अशा वेळी परत भरणं बंद ठेवतो. मग गाडी मोकळी सुटते आणि माणसाला वाटतं ब्रेक गेला. चार-पाच किलोमीटर गेल्यावर बॅटरीत थोडी जागा होते आणि ओढ परत येते.

पोरांची यात काहीच चूक नव्हती. मी ‘ब्रेक’ म्हटलं, म्हणून त्यांनी ब्रेक उघडला.

मग मी शब्द बाजूला ठेवला आणि एक जुनी सायकल मागवली. डायनॅमोवाली सायकल आता दुर्मिळ झाली आहे, पण एका म्हाताऱ्या मास्तरांच्या घरी निघाली. पोरांना पायडल मारायला लावलं. मग डायनॅमो टायरला टेकवला. दिवा लागला आणि पायडल जड झालं. दिव्याची वायर काढली तर पायडल बरंच हलकं. एवढ्यात सगळं आलं. वीज घेणारा कुणी असेल तरच चाक जड होतं. भरलेली बॅटरी म्हणजे वायर काढलेला डायनॅमो. आपल्याकडे ही युक्ती काही नवी नाही. 1930च्या आसपास खंडाळ्याच्या घाटातून उतरणारी विजेची रेल्वे इंजिनं वरच्या तारेत वीज परत देत होती. ती घ्यायला त्याच तारेवर चढणारी दुसरी गाडी असली की काम सोपं.

यातून परत किती मिळतं, हेही हिशेब करून दाखवलं, कारण गिऱ्हाइकाच्या मनात भलत्या अपेक्षा असतात. माणसासकट 200 किलोची गाडी ताशी 40 किलोमीटर वेगानं जात असेल, तर तिच्या अंगातली गती साधारण साडेतीन वॅट-तास भरते. त्यातली अर्धी परत आली असं धरू. स्कूटर किलोमीटरला तीसेक वॅट-तास खाते. म्हणजे एकदा थांबल्यावर जे मिळालं त्यावर गाडी साठेक मीटर जाईल. शेडपासून रस्त्यापर्यंत!

आता शब्दाचा प्रश्न उरला. तो पोरांनीच सोडवला, असं मला तेव्हा वाटलं. ट्रॅक्टर उतारावर गिअरमध्ये आणला की इंजिन गाडी ‘धरतं’, असं इकडे म्हणतात. पोरं म्हणू लागली, “सर, मोटार धरायली.” म्हणजे धरते आहे. अस्सल मराठवाडी शब्द, तोंडात बसलेला, कोशात नसला तरी अचूक. मी खुशीनं पुस्तकात लिहिला, ‘मूठ सोडल्यावर मोटार धरते.’

महिन्याभरानं मला फोन आला. “सर, मोटार धरली.” लाइनवर खरखर होती. मला वाटलं, धरायली म्हणतोय. म्हटलं, “धरणारच, चांगलं आहे. बॅटरी भरलेली नसेल.” पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, “न्हाई सर, गाडी ढकलूबी देईना. बेरिंग जाम झालं वाटतं. मोटार खोलायलो.”

आपल्याकडे इंजिन ‘धरलं’ म्हणजे ते जाम झालं. धरायली आणि धरली, यात एका अक्षराचा फरक, पण एक निरोगी गाडीचं लक्षण आणि दुसरी मोडलेली गाडी. मी त्याला म्हटलं, मोटार खोलू नकोस, मी येतो.

हा प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण गाडी जड होण्याचं तिसरंच एक कारण यात आहे. गाडी बंद, चावी काढलेली, तरी मागचं चाक जड. चावी काढल्यावर वीज परत भरायचं काम चालत नाही, म्हणजे ही आपली नेहमीची ओढ नव्हे. आता चाक अगदी सावकाश फिरवून बघायचं. बेरिंग जाम असेल तर सावकाश फिरवतानाही अडतं, खरखर ऐकू येते. इथे सावकाश फिरवलं की चाक फिरत होतं आणि जोर केला की विरोध वाढत होता. असं वागणं लोखंडाचं नव्हे, विजेचं.

मग बॅटरीचा मेन काढला. त्यानंतर लगेच हात घालायचा नाही. कंट्रोलरच्या आत मोठे कपॅसिटर असतात. आपली पोरं त्यांना पंख्यामुळे कंडेन्सर म्हणतात, आणि मीही पुस्तकात आता कंडेन्सरच लिहिलंय. ते मेन काढल्यावरही काही वेळ भरलेले राहतात. पाच मिनिटं थांबून मुख्य लाइनवर मल्टिमीटर लावला, व्होल्ट जवळजवळ शून्यावर आल्याची खात्री केली आणि मोटारीकडून येणाऱ्या तीन जाड तारा कंट्रोलरपासून सोडवल्या. एकमेकींना लागू नयेत म्हणून त्यांची तोंडं वेगवेगळी ठेवली. चाक फिरवलं, तर एकदम हलकं.

पोरगा बघतच राहिला. मी त्याला त्यातल्या दोन तारांची टोकं एकमेकींना टेकवायला सांगितली आणि पुन्हा चाक फिरवलं. पुन्हा जड! सुटी केली, हलकं. म्हणजे मोटार धडधाकट होती. कंट्रोलरमध्ये सहा जागी विजेचे स्विच असतात, प्रत्येक तारेला दोन. त्यातला एखादा भाजून कायमचा चालूच राहिला, तर तारा आतल्या आत जोडल्या जातात. मग चाक फिरवताना मोटार वीज तयार करते, ती तिच्याच वेटोळ्यांत फिरते आणि चाकाला अडवते. डायनॅमो तोच, दिव्याच्या जागी शॉर्ट. तारा सोडवूनही चाक जडच राहिलं असतं, तर वेटोळं जळलंय किंवा बेरिंग गेलंय असं समजायचं, आणि मगच मोटार खोलायची.

त्या संध्याकाळी शेडमध्ये बसून आम्ही शब्द पुन्हा वाटून घेतले. मूठ सोडल्यावर येते ती ‘ओढ’. पडद्यावर REGEN अशी अक्षरं दिसतात म्हणून तिच्यापुढे ‘रीजन’ हे नावही ठेवलं. चावी काढूनही चाक अडत असेल तर ‘चाक जड’. आणि ‘धरली’ हा शब्द फक्त बेरिंग किंवा लोखंड जाम झाल्यावरच वापरायचा. ‘धरते’ पुस्तकातून काढून टाकला. इतका चांगला शब्द खोडताना मला वाईट वाटलं, हे कबूल करतो.

पंपाची मोटार भरणाऱ्या पोरानं मात्र एक शंका काढली, ती राहून गेली होती. “सर, तीन तारा हायत, म्हंजे थ्री फेजच ना? मग दोन अदलाबदल केल्या की उलटी फिरल.” विहिरीवरची मोटार तशी फिरते. ही फिरत नाही. हिच्यात चाक कुठे आहे ते कंट्रोलरला सांगणारे तीन बारीक सेन्सर असतात, आणि त्यांचा क्रम जुन्या जोडणीशी बांधलेला असतो. फक्त जाड तारा बदलल्या तर मोटार झटके देते, थरथरते, भरपूर करंट ओढते. ‘फेज’ हा शब्द पोरांना आधीपासून येत होता, म्हणून मी तो समजावलाच नव्हता. नव्या प्रतीत त्याला अख्खं पान दिलंय.

गेल्या पावसाळ्यात पुन्हा एक फोन आला. “सर, चाक जड हाय. तारा सोडल्या, हलकं झालं.” मी म्हणालो, “मग आता कंट्रोलर...” तो म्हणाला, “काढलाय सर. नवा कधी भेटल, ते इचारायला फोन केला.”