सात गोण्यांचा हिशेब

इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्णे गावात एका घराचा स्लॅब टाकला आहे, असं धरून चालू. क्षेत्र हजार चौरस फूट, जाडी पाच इंच. बीम धरून काँक्रीट पंधरा घनमीटर. मिश्रण एकास दीडास तीन. एका घनमीटरला सिमेंटच्या साधारण आठ गोण्या, म्हणजे एकूण १२०. सांडलवंड धरली तर १२३. चलनांवर आल्या १५०, तेव्हा कोठीत २७ उरायला हव्यात. मोजल्या तर २० निघाल्या.

घरमालकाची नजर पहिली रखवालदाराकडे वळते. त्याआधी रिकाम्या गोण्या मोजाव्यात. त्या १३० भरल्या तर सिमेंट बाहेर गेलं नाही, कामातच गेलं. (रिकाम्या गोण्या भंगारवाल्याला देण्याची घाई म्हणूनच नको.)

मग कामात कुठे गेलं? स्लॅब ठरल्यापेक्षा एक सेंटिमीटर जाड झाला, तर तेवढ्या क्षेत्रात जवळजवळ एक घनमीटर काँक्रीट जास्त लागतं. सात गोण्या तिथेच संपतात. सेंट्रिंग ओझ्याने खाली बसलं की नेमकं हेच होतं. स्लॅबच्या कडेला टेप लावला की जाडी कळते.

या तर्काला दुसरा साक्षीदार वाळू. जाडी वाढली असेल तर वाळूही त्याच प्रमाणात जास्त गेलेली असणार. वाळू बरोबर आणि फक्त सिमेंट कमी, तर मिश्रणात गोण्या जास्त पडल्या असं समजावं.

पण वाळूचा हिशेब फसवा असतो. कागदावर तीन ब्रास आली, लागायला हवी सव्वादोन, मग पाऊण ब्रास कुठे गेली? ओली वाळू फुगते. पारखण्यासाठी एका सरळ भांड्यात ओली वाळू भरून उंची मोजावी. ती बाहेर काढून भांडं अर्धं पाण्याने भरावं आणि वाळू परत टाकून ढवळावी. पंचवीस सेंटिमीटरची वाळू वीसवर बसली, तर तीन ब्रास प्रत्यक्षात दोन पूर्णांक चार ब्रासच होती. म्हणजे ढिगात फारशी वाळू उरायलाच नको होती. चोरी झाली नाही, माप फुगलं.

सळईवर मात्र जाडीचा परिणाम होत नाही. तिचा हिशेब वेगळा: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, की एक मीटरचं किलोतलं वजन मिळतं. बारा मिलिमीटरची बारा मीटर लांब सळई साधारण १०.६७ किलो. गाडी उतरताना नग मोजून हा आकडा वजनकाट्याच्या पावतीशी ताडावा. मानकाप्रमाणे या व्यासाला पाच टक्के कमीजास्त चालतं, त्यापुढे दुकानदाराला विचारावं. कापलेले तुकडे तोलून शिल्लकीत धरावेत, नाहीतर ते वापरात जमा होतात.

तेव्हा घर बांधणाऱ्यांनो, पुढच्या स्लॅबच्या आदल्या दिवशी तिन्ही मालांची शिल्लक लिहून ठेवा, आणि काँक्रीट ओतायच्या आधी सेंट्रिंगची पातळी दोरी लावून तपासा.